जागा पाचच आणि आरक्षण टक्क्यांत: अपूर्णांक कसा सोडवावा

समजा, पाच जागा भरायच्या आहेत. नियमानुसार अ गटाला २० टक्के, ब गटाला १५, क गटाला १० आणि उरलेले ५५ टक्के खुले. गुणाकार केला की वाटे येतात १, ०.७५, ०.५० आणि २.७५. इथे बहुतेक जण शाळेतला नियम लावतात: अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर पुढची पूर्ण संख्या घ्यायची. मग १, १, १ आणि ३ मिळतात. बेरीज सहा होते, जागा मात्र पाचच! अशा वेळी सगळ्यात लहान गटाची जागा गुपचूप कापली जाते, आणि का कापली याचं उत्तर कुणाकडेच नसतं. हे टाळता येतं, पण त्यासाठी पद्धत जागा जाहीर होण्याआधी लिहून ठेवलेली हवी.

पहिली पायरी म्हणजे खुल्या गटासह सगळ्या गटांचे वाटे दोन दशांश स्थळांपर्यंत मांडणे. फक्त राखीव गटांचा हिशेब करून उरलेलं खुल्या गटाला देणं ही नेहमीची चूक आहे. आपल्या उदाहरणात तसं केलं तर राखीव गटांना १, १, १ मिळतात आणि खुल्या गटाला २.७५ ऐवजी दोनच. त्याचा पाऊण जागेचा हक्क कागदावर दिसतच नाही.

दुसऱ्या पायरीत प्रत्येकाला फक्त पूर्णांकाएवढ्या जागा द्या: १, ०, ०, २. तीन जागा गेल्या, दोन उरल्या. या दोन ज्यांचा अपूर्णांक सगळ्यात मोठा त्यांना, म्हणजे ब आणि खुल्या गटाला. अंतिम वाटप १, १, ०, ३. अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या जागा राज्यांत वाटण्यासाठी हीच पद्धत सुचवली होती. तिचा मोठा गुण हा की बेरीज कधीच चुकत नाही.

पण क गटाच्या हाती काहीच लागलं नाही. दरवर्षी पाचच जागा निघाल्या आणि दरवर्षी कोऱ्या पाटीवर हिशेब केला, तर दहा टक्के आरक्षण असूनही क गटाला कधीच जागा मिळणार नाही. माझ्या मते लहान संख्येतला खरा अन्याय इथेच होतो. म्हणून तिसरी पायरी वगळू नका: वाटा वजा मिळालेल्या जागा, ही शिल्लक पुढच्या फेरीत ओढा. इथे अ ची शिल्लक ०, ब ची उणे ०.२५, क ची ०.५० आणि खुल्या गटाची उणे ०.२५.

पुढच्या वर्षी पुन्हा पाच जागा आल्या. नव्या वाट्यांत शिल्लक मिळवली की अ ला १, ब ला ०.५०, क ला १ आणि खुल्या गटाला २.५० येतात. क ला आता हक्काची पूर्ण जागा मिळते. पूर्णांकांच्या चार जागा गेल्यावर पाचवीसाठी ब आणि खुला गट बरोबरीत येतात. अशा वेळी राखीव गट आधी की चिठ्ठी, हे आधीच ठरलेलं असावं. नावं समोर आल्यावर ठरवलेला नियम कितीही चांगला असला तरी त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. एखाद्या गटाचा आकडा शून्याखाली गेला, तर त्या फेरीत त्याला जागा नाही.

शेवटची पायरी कमाल मर्यादेची, आणि ती सर्वांत फसवी. ‘राखीव जागा निम्म्याहून जास्त नकोत’ असा नियम आहे असं धरू. ती पाचवी जागा ब ला दिली तर या फेरीत राखीव तीन, म्हणजे ६० टक्के होतात. दोन्ही फेऱ्या मिळून मात्र दहापैकी पाच, म्हणजे मर्यादेच्या आत. मर्यादा फेरीवार मोजली तर पाचांत दोनपेक्षा जास्त राखीव जागा कधीच देता येत नाहीत. ४५ टक्क्यांचा वाटा २.२५ असल्याने दर फेरीला पाव जागा बुडते. वीस फेऱ्यांच्या शंभर जागांत राखीव ४५ ऐवजी ४० च भरतील. म्हणून नियमात मुभा असेल तर मर्यादा एकूण जागांवर मोजा. भारतात सरकारी नोकऱ्यांतल्या न भरलेल्या राखीव जागांबाबत असाच पेच होता. २००० सालच्या ८१ व्या घटनादुरुस्तीने अशा मागील जागा त्या वर्षाच्या ५० टक्क्यांच्या मर्यादेत न धरण्याची मुभा दिली. अपूर्णांकाची शिल्लक ही निराळी गोष्ट आहे, त्यामुळे ती सवलत तिला आपोआप लागू होते असं समजू नका.

हिशेब तपासायला दोन खुणा पुरतात. प्रत्येक फेरीनंतर सगळ्या शिलकांची बेरीज शून्य आलीच पाहिजे. आली नाही तर गुणाकार किंवा वजाबाकी चुकली आहे. आणि राखीव गटांची एकत्रित शिल्लक फेरीगणिक वाढतच चालली असेल, तर मर्यादा फेरीवार लावली जात आहे का ते आधी पाहा.