पिनवाला मॉइश्चर मीटर: ब्लॉकवर बरोबर, फळीवर चूक असं का होतं? या चुका टाळा

लाकडाचा ओलावा दाखवणारा मीटर त्याच्या तपासणीसाठी मिळणाऱ्या रेफरन्स ब्लॉकवर बरोबर आकडा दाखवतोय म्हणजे फळीचं रिडिंगपण बरोबर असणार, असं धरून चालणारे खूप जण आहेत, आणि मग चौकट बसवल्यावर दोन महिन्यांनी सांध्यात फट पडली की मीटरला शिव्या. मीटर बहुतेक वेळा खरंच बोलत असतो हो, आपण त्याला नको ते विचारलेलं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पिनचा मीटर ओलावा मोजतच नाही, तो दोन पिनांच्या मधला रेझिस्टन्स मोजतो आणि त्याचा ओलाव्याच्या टक्क्यात हिशोब करून दाखवतो. हा हिशोब बहुतेक मीटरमध्ये डग्लस फर या अमेरिकन लाकडावर बसवलेला असतो, साधारण २० अंश सेल्सिअसला (तुमच्या मीटरचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा). डग्लस फरचे प्रसिद्ध आकडे २७ अंशाला मोजलेले आहेत, त्यात १२ टक्के ओलाव्याला रेझिस्टन्स साधारण १२० मेगाओहम आणि २२ टक्क्याला जेमतेम १.१ मेगाओहम. ७ टक्क्याला तोच बावीस हजार मेगाओहमच्या वर जातो! म्हणून ६-७ टक्क्याच्या खाली या मीटरचा भरवसा नाही, आणि २५-३० च्या वर गेलं की आकडा फक्त 'ओलं आहे' एवढंच सांगतो.

ब्लॉक काय तपासतो आणि काय नाही

ब्लॉकच्या आत लाकूड नसतं, ठरलेल्या किमतीचे रेझिस्टर असतात. पिना टेकवल्या की मीटरने छापलेला आकडा दाखवायचा, समजा १२ किंवा २२, आणि त्यावर जी सूट लिहिलेली असते तेवढी धरायची. म्हणजे तपासणी झाली फक्त सर्किटची. लाकडाची जात बरोबर निवडली का, फळी किती गरम आहे, पिन किती खोल गेली, यातलं ब्लॉकला काहीच कळत नाही.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मीटर सागवानच्या सेटिंगवर ठेवूनच ब्लॉक चेक करायचा. मग १२ च्या जागी वेगळाच आकडा येतो आणि लोक मीटर रिपेअरला टाकतात. ब्लॉकसाठी मीटर मूळ स्केलवर आणा, म्हणजे डग्लस फर किंवा मॅन्युअलमध्ये जो कोड दिला असेल तो, आणि टेंपरेचर सेटिंग असेल तर तेही मूळ अंशावर. तरी आकडा चुकला तर आधी नवीन बॅटरी टाका, पिना घट्ट करा, टोकाला चिकटलेला डिंक आणि गंज पुसा, आणि मगच मीटरवर शंका घ्या. हातोडीवाला प्रोब वापरत असाल तर ब्लॉकची तपासणी त्या केबलमधूनच करा कारण तुटकी केबल मीटरच्या स्वतःच्या पिनांवर कशी दिसणार?

अजून एक तपासणी आहे जी फुकट आहे आणि कोणी करत नाही. पिना हवेत धरा, कशालाही न टेकवता. आकडा यायलाच नको. कोकणात पावसाळ्यात मात्र पिनांच्या बुडाशी प्लास्टिकवर दमट धूळ बसते, करंट तिथूनच गळतो आणि मीटर हवेतच ८-९ दाखवतो. असा मीटर ब्लॉकवर २२ ला एकदम बरोबर येईल, कारण १ मेगाओहमपुढे ती गळती काहीच नाही, पण कोरड्या लाकडात प्रत्येक वेळी जास्त दाखवणार. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, परत हवेत बघा.

ब्लॉक नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ टक्का अचूकतेचे १ आणि १० मेगाओहमचे रेझिस्टर आणा, डग्लस फर स्केलवर अंदाजे २२ आणि १६ च्या आसपास यायला हवं, मीटरप्रमाणे थोडं इकडेतिकडे होईल. मीटर नवीन असतानाचे आकडे झाकणावर लिहून ठेवा आणि पुढे त्यांच्याशीच जुळवा. रेझिस्टर बोटांत धरून मोजू नका, तुमच्या अंगातून करंट जातो आणि आकडा वर चढतो.

आधी तापमान, मग जात

गरम लाकडाचा रेझिस्टन्स कमी होतो म्हणून मीटर जास्त ओलावा दाखवतो. मधल्या ओलाव्याला ढोबळ हिशोब असा, मूळ तापमानाच्या वर दर ११ अंशाला साधारण १ टक्का वजा, खाली असेल तर तेवढाच अधिक. ओलावा जास्त असेल तर फरकपण वाढतो, तिथे मॅन्युअलचा तक्ताच बघा. तापमान लाकडाचं धरायचं, हवेचं नाही. काही मीटरमध्ये ऑटो करेक्शन असतं पण सेन्सर मीटरच्याच पोटात असतो, त्यामुळे एसी ऑफिसमधून थेट वखारीत नेलेला मीटर ऑफिसच्याच हिशोबाने करेक्शन करत राहतो.

समजा मे महिना आहे, वखारीच्या पत्र्याखालची सागवान फळी ४२ अंशाला आहे, आणि मूळ स्केलवर रिडिंग आलं १४.५. मीटर २० अंशाचा, म्हणजे २२ अंश जास्त, २ टक्के वजा, उरले १२.५. आता जातीचं करेक्शन, आणि ते १२.५ वर लावायचं, १४.५ वर नाही, कारण जातीचे तक्ते मूळ तापमान धरूनच बनवलेले असतात. मीटरमध्येच सागवान निवडलं असेल तर कागदावरचा तक्ता परत लावू नका, ही डबल वजाबाकी फार होते.

जात निवडताना बाजारातल्या नावावर जाऊ नका. मलेशियन साल म्हणून जे विकतात ते आपल्या जंगलातलं सालच असेल असं नाही, आणि सागवानातही लागवडीचं आणि जुन्या जंगलाचं सारखं वागेलच असं नाही. खात्री हवी असेल तर स्वतःचं करेक्शन काढा, काम कंटाळवाणं आहे पण मला हाच एक खरा उपाय वाटतो. फळीच्या टोकापासून फूटभर आत, कारण टोकं आधी सुकतात, आधी मीटरचं रिडिंग घ्या आणि तिथूनच इंचभर रुंदीचा आडवा तुकडा कापून लगेच वजन करा. मग १०३ अंशाला ओव्हनमध्ये ठेवा, काही तासांच्या अंतराने घेतलेली दोन वजनं सारखी येईपर्यंत, साधारण एक दिवस धरा. समजा ओलं वजन ८६.४ ग्रॅम, सुकं ७७.८. फरक ८.६, भागिले सुकं वजन ७७.८, म्हणजे ११ टक्के. भागायचं सुक्या वजनाने, ओल्याने भागलं तर १० टक्केच येईल. मीटर तापमान सुधारून १२.५ म्हणत होता, म्हणून या लॉटला दीड टक्का वजा. एका तुकड्यावर थांबू नका, पाच-सहा फळ्यांचे तुकडे घेऊन सरासरी काढा.

ओव्हनशी फरक प्रत्येक फळीला वेगवेगळाच येत असेल तर पिनची खोली बघा. साध्या पिना जिथे सगळ्यात ओलं असेल तिथलं रिडिंग देतात, रात्री पावसाची झड लागली की वरचा ओला थरच दिसणार. इन्सुलेटेड पिना, म्हणजे फक्त टोक उघडं असलेल्या, जाडीच्या चौथ्या ते पाचव्या भागापर्यंत ठोकल्या तर सरासरीच्या जवळचा आकडा मिळतो, आणि पिना लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावा. आकडा पहिल्या दोन-तीन सेकंदातला घ्या, ओल्या लाकडात तो नंतर खाली सरकत जातो.

आणि वाळवीसाठी बोरॅक्स किंवा सीसीए, म्हणजे तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं औषध, मारलेलं लाकूड असेल तर त्यातले क्षार करंट वाहून नेतात आणि रिडिंग फुगतं, तिथे कुठल्याच जातीचा कोड लागू पडत नाही, त्या लॉटला सरळ ओव्हनच लावा.