नवे ऑपरेटर ९० दिवसांत सोडून जातात? या चुका टाळा

चाकणच्या कारखान्यांत नवी पोरं टिकेनाशी झाली की दोनच उपाय निघतात: ठेकेदार बदला, नाहीतर पगार वाढवा. कोण कितव्या दिवशी गेलं, हे मात्र कोणी पाहिलेलंच नसतं.

महिन्याला सोडून गेलेल्यांचा एकच टक्का काढणं ही सगळ्यात मोठी चूक. तिसऱ्या दिवशी गेलेला आणि सत्तराव्या दिवशी गेलेला त्यात सारखेच दिसतात. मी प्रत्येकाचे दिवस जॉइनिंगपासून मोजते. आठवड्याभरात गेला तर भरतीच्या वेळी रात्रपाळी, दिवसभर उभं राहणं लपवलेलं असतं. दोन-तीन आठवड्यांत गेला तर कामाची शिकवणी तपासते, त्यानंतर गेला तर सुपरवायझर. पहिला पगार होताच गेला तर दोष पुन्हा भरतीचा: ठेकेदाराने ओव्हरटाइम धरून आकडा सांगितलेला असतो आणि पीएफ-ईएसआयची कपात सांगितलेली नसते.

हा झाला अंदाज. त्यावरच निकाल देणं ही दुसरी चूक. एका कारखान्यात ६० पैकी १८ जण ९० दिवसांच्या आत गेले होते. एचआर ठेकेदार बदलायला निघालं होतं. तारखा मांडल्या तेव्हा ११ जण महिना उलटल्यावर गेलेले दिसले, आणि त्यातले ९ एकाच सुपरवायझरच्या हाताखालचे. तरी मी थांबले, कारण त्या लाइनवरचं कामच जड असू शकतं. मग त्याच लाइनची दुसरी पाळी पाहिली. मशीन तीच, ठेकेदार तोच, सुपरवायझर वेगळा, आणि तिथली पोरं टिकलेली. आता शंका उरली नाही.

लाइनवर उभं राहिल्यावर कारण दिसलं. कोणी गैरहजर असलं की सुपरवायझर नव्या पोराला त्या मशीनवर ढकलायचा. रोज नवं मशीन, हात कुठेच बसत नाही, आणि रिजेक्शन निघालं की सगळ्यांसमोर बोलणी. आम्ही पहिले ३० दिवस नव्या माणसाचं मशीन बदलायचं नाही असं ठरवलं आणि गैरहजेरीसाठी प्रत्येक पाळीत दोन जुने हात जादा ठेवले. खर्च वाढला म्हणून व्यवस्थापन कुरकुरलं. दर महिन्याला नवी भरती करण्याचा खर्च मात्र त्यांनी कधी मांडलाच नव्हता.

एक्झिट फॉर्मवरच्या ‘घरगुती कारण’वर विसंबू नका. मी महिन्याभराने फोन करते आणि एवढंच विचारते, “सोडावं असं पहिल्यांदा कधी वाटलं?”

राजीनाम्यांवरून मोजू नका, हजेरीपटावरून मोजा. पहिल्या आठवड्यात जाणारे राजीनामा देत नाहीत, यायचेच बंद होतात.

पाच-सहा जणांच्या आकड्यावरून कोणाही सुपरवायझरला दोषी धरू नका. आणखी दोन महिन्यांची भरती त्यात मिळवा.