मेमरी कार्डातले फोटो गॅलरीत दिसत नाहीत? आधी `.nomedia` शोधा

फोन भरला म्हणून फोटो मेमरी कार्डात टाकले आणि ते गॅलरीत दिसेनासे झाले, तर घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका. फोटो बहुतेक जागेवरच असतात. गॅलरी दरवेळी कार्ड चाळत बसत नाही. फोनने आधीच करून ठेवलेली यादी ती दाखवते. ही यादी मीडिया स्कॅनिंगमधून तयार होते. ज्या फोल्डरात `.nomedia` नावाची फाइल असेल, ते फोल्डर पोटातल्या सगळ्या फोल्डरांसकट या यादीतून वगळलं जातं. फाइल बहुधा रिकामीच असते, पण नुसत्या नावाने काम होतं.

आमच्या भागात नेहमी दिसणारा प्रकार असा. पऱ्हाटीवरच्या बोंडअळीचे फोटो वावरातूनच व्हॉट्सअ‍ॅपवर कृषी सहायकाला पाठवलेले असतात. पुढे जागा करायला कॅमेऱ्यातले मूळ फोटो डिलीट होतात आणि `WhatsApp Images` हे अख्खं फोल्डर कार्डात जातं. मग गॅलरीत दुसऱ्यांकडून आलेले फोटो दिसतात, आपण पाठवलेले मात्र दिसत नाहीत. पाठवलेले फोटो आतल्या `Sent` फोल्डरात असतात आणि तिथे व्हॉट्सअ‍ॅपनेच `.nomedia` ठेवलेली असते. फोल्डरासोबत तीही कार्डात आलेली असते.

१. फोनमधलं फाइल्सचं अ‍ॅप उघडा, कार्डात जा आणि `Sent` मधला एखादा फोटो उघडून बघा. तो नीट उघडला, तर फोटो शाबूत आहेत.

२. त्याच अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये `Show hidden files` किंवा त्यासारखा पर्याय चालू करा. नावाच्या सुरुवातीला टिंब असलेल्या फाइल एरवी दिसत नाहीत.

३. आता `Sent` मध्ये `.nomedia` दिसेल. तेवढीच डिलीट करा. ती तिथे नसेल, तर एकेक पायरी वरच्या फोल्डरात बघत जा, कारण वरची फाइल खालचं सगळं झाकते. कार्डभर शोधून दिसेल ती `.nomedia` उडवू नका; नाहीतर अ‍ॅपांची बारीकसारीक चित्रं गॅलरीत भरतील.

४. गॅलरी पुन्हा उघडा. फोटो आले नाहीत तर फोन रीस्टार्ट करा, म्हणजे कार्ड नव्याने स्कॅन होईल. कार्डात फोटो खूप असतील तर थोडा वेळ लागतो, तेवढं थांबा.

फोनमध्ये लपलेल्या फाइल दाखवायची सोयच नसेल, तर कार्ड रीडरने कार्ड कॉम्प्युटरला लावा. विंडोजवर टिंबाची फाइल लपत नाही, सरळ दिसते आणि तिथेच काढता येते. फोल्डराचंच नाव टिंबाने सुरू होत असेल, तर ते टिंब काढून नाव बदला. अशी फोल्डरंही स्कॅनिंगमध्ये वगळली जातात.

पहिल्याच पायरीला फोटो उघडला नाही, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे `.nomedia` काढून उपयोग नाही. फाइल किंवा कार्डच खराब झालेलं असू शकतं. अशा कार्डावर नवं काही साठवू नका आणि जेवढं निघेल तेवढं आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.