घंटा, शंख आणि पठण रेकॉर्ड करताना आवाज का फाटतो: माझा अनुभव

आरतीचा पहिला व्हिडिओ केला तेव्हा मी फोन स्टँडला लावून समईच्या शेजारीच ठेवला होता, घंटा त्याच्यापासून जेमतेम एक फूट लांब. चित्र सुंदर आलं. पण घंटेचा प्रत्येक ठोका "टण्ण" येण्याऐवजी "खर्रर" असा आला आणि दोन ठोक्यांच्या मधे म्हणणाऱ्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. एडिटिंगमधे व्हॉल्यूम कमी करून बघितला तर फाटलेला आवाज हळू झाला एवढंच, फाटलेला तो फाटलेलाच. त्यानंतर बरेच महिने मी फक्त हेच तीन आवाज वेगवेगळ्या प्रकारे रेकॉर्ड करून बघितले, नवीन लोकांना त्यातलं उपयोगी पडेल ते सांगतो.

आधी घंटेचं बघू, कारण घंटा समजली की बाकीचं बरंचसं सुटतं. लोलक धातूवर आपटतो तो क्षण अगदी काही मिलिसेकंदांचा असतो आणि त्या क्षणाला आवाज एकदम टोकाला जातो, मग जो गोड नाद घुमत राहतो तो त्या टोकापेक्षा खूपच हळू असतो. आपल्या कानाला लक्षात राहतो तो नाद. त्यामुळे लेव्हल लावताना आपण नादाकडे बघून लावतो आणि ठोक्याला जागाच उरत नाही. माईकला किंवा रेकॉर्डरला जेवढं झेपतं त्याच्या वर आवाज गेला की लहरीचं वरचं टोक सपाट कापलं जातं, म्हणजे तेवढा भाग फाईलमधे आलेलाच नसतो, मग नंतर व्हॉल्यूम कमी करून तो कुठून येणार. दुरुस्तीचे इफेक्ट असतात, ते कापलेलं टोक अंदाजाने भरून काढतात, एखाद्या ठोक्याला चालून जातं, पण अर्धा मिनिट सलग घंटा असेल तर नाही.

फोनमधे अजून एक भानगड असते. फोन स्वतःच लेव्हल वरखाली करत असतो. ठोका आला की तो घाबरून सगळं दाबतो, मग हळूहळू परत वर आणतो. हे ओळखायचं कसं तर हेडफोन लावून ठोक्याच्या लगेच नंतरचे एक-दोन सेकंद ऐका, पंख्याची घरघर ठोक्यासरशी गायब होऊन परत फुगत फुगत येत असेल तर हाच प्रकार आहे. माझ्या पहिल्या व्हिडिओत पठण विहिरीत गेलं ते यामुळेच. शिवाय बऱ्याच फोनमधे बोलणं स्पष्ट यावं म्हणून आपोआप नॉइज कमी करायची सोय चालू असते, ती तर घंटेच्या नादालाच नॉइज समजते कारण तो सलग एकसारखा आवाज असतो, मग नाद मधेच तुटल्यासारखा विरतो. कॅमेऱ्याच्या किंवा रेकॉर्डिंगच्या ॲपमधे ऑडिओ सोर्स निवडायची सोय असेल तर Unprocessed असा पर्याय दिसतो का बघा, असला तर तो निवडा. आणि ब्लूटूथ इअरफोनचा माईक या कामाला अजिबात नको, तो फोनवर बोलण्यासाठी असतो, वरची किणकिण त्यात येतच नाही.

आता उपाय, आणि तो महागडा माईक नाही, अंतर आहे. अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मी तीच हातातली घंटा, तोच फोन, तेच काही हळू, काही जोराचे ठोके असं धरून चार अंतरांवरून रेकॉर्ड केलं. ३० सेंटीमीटरवर प्रत्येक ठोका फाटला. ६० वर हळू ठोके नीट, जोराचे फाटले. १२० वर सगळे स्वच्छ, सगळ्यात मोठा ठोका मीटरवर मायनस ९ डेसिबलच्या आसपास, मीटरची वरची हद्द म्हणजे शून्य. २४० वरही स्वच्छ पण खोलीचा घुमारा इतका आला की घंटा दुसऱ्या खोलीत वाजतेय असं वाटायला लागलं. खोलीत एका मर्यादेनंतर मागे जाऊन फायदा होत नाही, थेट आवाज कमी होतो पण भिंतींवरून परतणारा होत नाही. मी तेव्हापासून हातातल्या घंटेला सव्वा ते दीड मीटर धरतो, देवळातल्या मोठ्या टांगलेल्या घंटेला अडीच-तीन मीटर आणि तेही थोडं बाजूला, बरोबर तोंडाखाली नाही.

मीटर असलेला रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल, आणि सगळ्यात जोराचा ठोका मायनस १२ ला टेकेल असं गेन, म्हणजे रेकॉर्डर आवाज किती वाढवून घेतो ते, लावा. कमी वाटलं तरी वाढवू नका, २४ बिटमधे नंतर वाढवायला भरपूर जागा असते. ३२ बिट फ्लोट असलेल्या रेकॉर्डरमधे गेनची चिंता नसते हे खरं, पण माईकच्या पडद्यालाच आवाज झेपला नाही तर तिथेही फाटतो, म्हणून अंतर तरीही लागतंच.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. Audacity सारख्या प्रोग्रॅममधे कापलेली टोकं लाल रेघांनी दाखवायची सोय आहे, मी तिच्यावर विसंबून होतो. पण फोनने आतल्या आत आवाज दाबून मग फाईल केलेली असेल तर टोक शून्याच्या खालीच सपाट झालेलं असतं, लाल रेघ येत नाही आणि आवाज मात्र फाटलेला. म्हणून ठोका झूम करून बघा, चार-पाच टोकं एकाच उंचीवर छाटल्यासारखी दिसली तर तो टेक बाद.

शंखाचं तंत्र वेगळं आहे. घंटेत टोक सुरुवातीला असतं, शंखात ते मधे किंवा शेवटी येतं कारण फुंकणारा आवाज हळूहळू भरत नेतो. आणि चाचणीला सांगितलं की माणूस अर्ध्या ताकदीने फुंकतो, खऱ्या वेळेला पूर्ण छाती भरून. त्यामुळे चाचणीत जी लेव्हल येते तिच्यापेक्षा निदान ६ डेसिबल अजून मोकळे ठेवा. माईक शंखाच्या तोंडासमोर धरायचा नाही, आवाजाची मुख्य धार तिथूनच निघते, साधारण ४५ अंश बाजूला आणि दीड-दोन मीटर लांब ठेवायचा. फुंकणाऱ्याच्या ओठांच्या बाजूलाही नको, तिकडे श्वासाची फुसफुस येते. शंखाच्या आवाजाला मुळातच एक खरखरीत धार असते, त्यामुळे फाटलाय की शंखच तसा आहे हे पटकन कळत नाही. मी एकाच फुंकेचा हळू भाग आणि जोराचा भाग पाठोपाठ ऐकतो, धार हळूहळू वाढत गेली तर ती शंखाची, एका ठिकाणी एकदम कर्कश पडदा आला तर ते रेकॉर्डिंग.

पठणाचं बरोबर उलटं. घंटा मोठी असते म्हणून तिला लांब ठेवणं परवडतं, मागची घरघर तिच्या पुढे नगण्य असते. माणसाचा आवाज लांब ठेवला की माणूस आणि पंखा दोघं एकाच मापाचे होतात. म्हणून पठणाला माईक २० ते ३० सेंटीमीटरवर, तोंडाच्या रेषेत नाही तर गालाच्या बाजूने थोडा खाली, नाहीतर "प", "फ", "भ" ला हवेचा धपका बसतो. चारपाच जण एकत्र म्हणत असतील तर अर्धवर्तुळात बसवा आणि जो आवाज खणखणीत आहे त्याला थोडं मागे घ्या, माईकशी खेळण्यापेक्षा माणसं हलवणं सोपं असतं.

यावरून लक्षात येईल की तिन्ही आवाज एका फोनने एका जागेवरून घ्यायचे म्हणजे कुणाला तरी मारावंच लागतं. म्हणून मी ते वेगवेगळे घेतो. मागच्या वेळचं ४० सेकंदांच्या व्हिडिओचं उदाहरण सांगतो. आधी नेहमीसारखी आरती होऊ दिली आणि फोनवर चित्र घेतलं, त्यातला आवाज फक्त जुळवायला. त्याच खोलीत लगेच पठण वेगळं, मग घंटेचे वीसेक ठोके त्याच लयीत, मग शंखाच्या तीन फुंका. हातातल्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवायला सांगितलं, कारण घंटा हलवताना त्यांची किणकिण घंटेतच मिसळते आणि मग वेगळी करता येत नाही. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा ३० सेकंद आवाज घेतला. एडिटिंगमधे फोनच्या आवाजातलं ठोक्याचं टोक आणि चांगल्या रेकॉर्डिंगमधलं टोक एकावर एक आणलं की जुळतं, क्लॅप द्यायची गरजच नाही. दोन मीटरवरून आवाज यायला ६ मिलिसेकंद लागतात, व्हिडिओची एक फ्रेम ३३ ची असते, म्हणजे फरक दिसत नाही. पुढचे ठोके हाताच्या हालचालीशी एकेक करून जुळवावे लागतात, त्याला वेळ जातो, तो द्यायचा. घंटा पठणाच्या खाली साधारण १० डेसिबल ठेवली, शंख एकटाच सुरुवातीला.

खरी आरती चालू असताना असं वेगळं घेता येत नाही आणि तिथे लोकांना थांबवूही नये. तेव्हा एका बाजूने ऐकणारा माईक म्हणणाऱ्यांच्या जवळ, आणि त्याची पाठ घंटेकडे. घंटा पूर्ण जात नाही पण बरीच उतरते.

आता मागच्या आवाजाचं. पंखा, फ्रीज, एसी आधी बंद, खिडक्या बंद, फोन एरोप्लेन मोडवर, आणि डोळे मिटून एक मिनिट ऐकायचं, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेव्हाच कळते. नंतर सॉफ्टवेअरने साफ करू असं घंटेच्या बाबतीत ठरवू नका. घंटेचा नाद विरत विरत शेवटी खोलीच्या शांततेतच मिसळतो, त्या शेवटच्या भागात नाद कुठला आणि नॉइज कुठला हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते दोन्ही कापतं आणि पाण्याखालून बुडबुड आल्यासारखा आवाज उरतो. पठणावर चालतं, तेही हलक्या हाताने, ६ ते ८ डेसिबल पुरेत, आणि ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं की स्टँडला बसलेला धक्का, लांबच्या गाड्यांची धडधड बरीच जाते. घंटेच्या नादाची शेपटी मी साफ न करता लांब फेड देतो आणि खाली तो रिकाम्या खोलीचा आवाज अंथरतो, म्हणजे ती तुटल्यासारखी वाटत नाही.

एडिटिंगमधून तयार व्हिडिओची फाईल काढताना सगळ्यात मोठं टोक मायनस १ च्या वर जाऊ देऊ नका, कारण अपलोड केल्यावर फाईल लहान करायला आवाज परत दाबला जातो आणि त्यात टोकं थोडी वर सरकतात, आपल्याकडे स्वच्छ असलेला ठोका तिकडे जाऊन फाटतो. फाईल दुसऱ्या कुणाला एडिटिंगला पाठवायची असेल तर चॅटमधे डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता व्हिडिओ म्हणून पाठवली की तिथेही ती दाबली जाते. मी अपलोडच्या आधी एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या स्पीकरवर ऐकतो. मोठ्या घंटेचा खालचा घुमार फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, तो यावा म्हणून खालचा आवाज वाढवला की पूर्ण मिक्सच गढूळ होतं, त्यामुळे तो आहे तसाच सोडतो.