बोअरच्या जड पाण्यासाठी वॉटर प्युरिफायर घेताना या चुका टाळा

कोल्हापूर शहरात महापालिकेचे पाणी पंचगंगेतून आणि आता काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनमधून येते. हे भूपृष्ठावरचे, तुलनेने मऊ पाणी आहे. मात्र पाचगाव, कळंबा, उचगाव अशा वाढत्या वस्त्यांतील अनेक घरे वर्षातला बराच काळ बोअरवर भागवतात. ते पाणी बेसॉल्ट खडकाच्या फटींतून येत असल्याने कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम सोबत आणते. नळाच्या तोटीवर पांढरा थर धरतो, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. शाळेच्या पुस्तकात यालाच दुष्फेन पाणी म्हटले होते, आणि घरात आपण त्याला जड पाणी म्हणतो.

अशा पाण्यासाठी प्युरिफायर घेताना सर्वांत मोठी चूक विक्रेत्याच्या हातातील टीडीएस मीटरपासून सुरू होते. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, पण त्यातला जडपणाचा वाटा किती हे सांगत नाही. टीडीएस 640 दाखवणाऱ्या एका बोअरमध्ये जडपणा 200 असू शकतो आणि दुसऱ्यात 420. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण जडपणाची इष्ट मर्यादा प्रति लिटर 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालवून घेता येते. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत.

पाचगावच्या आमच्या घरी ही चूक आम्ही दोनदा केली. बोअरचा टीडीएस 640 होता. पहिल्या वेळी 'जंतू मरणे महत्त्वाचे' असे सांगून आम्हाला साधा यूव्ही प्युरिफायर दिला गेला. चार महिन्यांनी तो उघडल्यावर दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी दुधी, खरखरीत झालेली दिसली. दिवा व्यवस्थित पेटत होता, दर्शकही हिरवा होता, पण त्या थरातून किरण पाण्यापर्यंत पुरेसे पोहोचतच नव्हते. यूव्हीला जाणाऱ्या पाण्याचा जडपणा साधारण 120 मिलिग्रॅमच्या आत असावा असे उत्पादक सुचवतात. यूव्हीचे किरण आणि यूएफची सूक्ष्म छिद्रांची गाळणी जंतूंवर काम करतात. विरघळलेला कॅल्शिअम त्यांच्यामधून जसाच्या तसा पार होतो, त्यामुळे भांड्यांवरचा पांढरा थरही जात नाही.

मग आम्ही आरओ घेतला, आणि सातव्या महिन्यात टाकी भरायला दुप्पट वेळ लागू लागला. सेवा तंत्रज्ञाने मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा आरओमधला पडदा, बदलला, आणि पुन्हा तेच घडले. त्यानंतर आम्ही जडपणा स्वतः मोजला. थेंब मोजून तपासण्याच्या किटमध्ये नमुन्यात सूचक टाकल्यावर रंग तांबूस होतो आणि दुसऱ्या बाटलीतले द्रावण थेंब-थेंब टाकत गेले की तो एका क्षणी निळा होतो. आमच्या किटमध्ये एका थेंबाचे मूल्य 20 होते आणि 21 थेंब लागले, म्हणजे जडपणा 420 निघाला. नेमका, लेखी अहवाल हवा असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. तो एप्रिल-मेमध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा द्यावा, कारण एकाच बोअरचे आकडे ऋतूनुसार बदलतात. महापालिकेचे आणि बोअरचे पाणी एकाच टाकीत मिसळत असेल, तर नमुना थेट बोअरच्या पाइपवरून घ्यावा.

मेंब्रेन इतक्या लवकर का बसला, याचे उत्तर सोप्या हिशेबात आहे. दहा लिटर पाणी आत गेले आणि तीन लिटर शुद्ध मिळाले, तर जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या सात लिटरमध्ये गोळा होतात. 420 चा जडपणा मेंब्रेनच्या त्या बाजूला 600 होतो. आता 'पाणी वाचवणारे' म्हणून दहापैकी सहा लिटर शुद्ध देणारे मॉडेल घेतले, तर उरलेल्या चार लिटरमध्ये तोच जडपणा 1050 वर जातो आणि थर भराभर बसतो. पाणी वाया जाऊ नये ही इच्छा मलाही आहे, पण जड बोअरवर जास्त रिकव्हरीचे यंत्र घ्यायचे असेल तर त्याआधी जडपणा कमी करण्याची सोय हवीच. आम्ही मेंब्रेनच्या आधी अँटीस्केलंटचा काडतूस-फिल्टर बसवला. त्यातले गोळे हळूहळू विरघळतात आणि क्षारांना घट्ट चिकटू देत नाहीत. दर तीन महिन्यांनी आम्ही ते तपासतो, कारण गोळे संपले की फिल्टर रिकामा असूनही बाहेरून काही कळत नाही. घरभराच्या पाण्यासाठी सॉफ्टनर असेल तर त्याचा फायदा आरओलाही होतो, पण सॉफ्टनर कॅल्शिअमच्या जागी सोडिअम सोडतो. टीडीएस जवळजवळ तितकाच राहतो, म्हणून पिण्यासाठी नुसत्या सॉफ्टनरवर थांबू नये.

बिघाड ओळखण्यासाठी बादली आणि घड्याळ पुरते. शुद्ध पाण्याची आणि टाकाऊ पाण्याची नळी पाच-पाच मिनिटे वेगवेगळ्या भांड्यांत धरावी. शुद्ध पाणी घटले, टाकाऊ पाणी तसेच राहिले किंवा वाढले आणि शुद्ध पाण्याचा टीडीएस महिन्यागणिक चढत असेल, तर मेंब्रेनवर थर बसला आहे. दोन्ही धारा एकदम कमी झाल्या असतील, तर आधी सेडिमेंट फिल्टर आणि पाण्याचा दाब पाहावा. टाकाऊ पाणीच खूप कमी झाले असेल, तर त्या नळीतला फ्लो रिस्ट्रिक्टर क्षारांनी तुंबला आहे, आणि तो लगेच बदलला नाही तर मेंब्रेनही जाईल.

आणखी एक चूक टीडीएस कंट्रोलरची आहे. शुद्ध पाण्याचा टीडीएस 40 असताना चव फिकी लागते म्हणून तंत्रज्ञ तो स्क्रू फिरवून 100 करतो, तेव्हा सुमारे दहावा भाग पाणी मेंब्रेन टाळून थेट मिसळलेले असते. 420 च्या जडपणातले जेमतेम चाळीस-बेचाळीस परत येतात आणि त्याने बिघडत नाही. पण त्याच वाटेने नायट्रेटही येते. आसपास उसाची शेती किंवा शोषखड्डे असतील, तर अहवालात नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त आहे का, हे पाहिल्याशिवाय तो स्क्रू उघडू नये.

ब्रँडची तुलना करताना केंट, अॅक्वागार्ड, ए. ओ. स्मिथ, लिव्हप्युअर या नावांपेक्षा आधी माहितीपत्रकातील जडपणाची मर्यादा वाचावी. बऱ्याच घरगुती आरओवर टीडीएस 2000 पर्यंत असे मोठ्या अक्षरात असते आणि जडपणाचा आकडा आतल्या पानावर बारीक अक्षरात सापडतो. केंटच्या अनेक मॉडेलमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, त्यामुळे वरचा नायट्रेटचा मुद्दा तिथे लागू होतो. ए. ओ. स्मिथच्या साइड स्ट्रीम मेंब्रेनचा भर पाणी वाचवण्यावर आहे, म्हणून ती घेताना रिकव्हरीचा आकडा आणि आपला जडपणा शेजारी-शेजारी ठेवून पाहावा. टाटा स्वच्छसारखे विजेशिवाय चालणारे फिल्टर जडपणा काढत नाहीत.

त्यानंतर मला मेंब्रेनचा आकार सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाजारात सहज मिळणारा प्रमाणित आकाराचा मेंब्रेन असेल, तर तो खराब झाल्यावर शहरातच बदलून मिळतो. यंत्रात कंपनीचाच खास काडतूस-मेंब्रेन असेल, तर त्याची किंमत आणि मिळण्याचा कालावधी आधी विचारावा. वार्षिक देखभाल करारात 'पाण्याच्या गुणवत्तेमुळे झालेले नुकसान वगळून' असे वाक्य असेल, तर जड पाण्याने बसलेला मेंब्रेन त्यातून वगळला जाऊ शकतो. म्हणून जडपणाचा अहवाल विक्रेत्याला दाखवून, मेंब्रेन करारात धरला आहे का, हे बिलावरच लिहून घ्यावे. आमच्याकडे अँटीस्केलंट बसवल्यानंतर मेंब्रेनला सोळा महिने झाले आहेत आणि पाच मिनिटांच्या बादलीतला आकडा अजून पहिल्या आठवड्याइतकाच आहे.