महिन्याला पंचवीस हजार हवेत, तर ब्लाउज किती शिवावे लागतील?

बडोद्याच्या दांडिया बाजारात दुसऱ्यांदा शिलाईचं दुकान उघडण्याआधी मी ही यादी स्वतःसाठी लिहून काढली. पहिल्या खेपेला हिशोब उलटा केला होता, म्हणजे घरी किती न्यायचे हे आधी ठरवून मागे येत गेले. रीत बरोबर होती. एक गोष्ट तेवढी धरली नाही आणि तिच्यापायी नवरात्रात दुकान बंद करायची वेळ आली.

आधी घरी न्यायचा आकडा लिहा. माझा 25,000. त्यावर दर महिन्याचा ठरलेला खर्च घाला: भाडं 4,500, वीज 900, सुया-तेल-दुरुस्ती 600 आणि पुढच्या मशीनसाठी बाजूला 1,000. हा शेवटचा हजार टाळू नका, मोटार जळते तेव्हा सांगून जळत नाही. झाले 32,000.

आता एका ब्लाउजमागे हातात काय उरतं ते बघा. अस्तराच्या साध्या ब्लाउजची माझी शिलाई 450 होती. अस्तर, दोरा, हुक मिळून 90 आणि हातशिलाई करणाऱ्या ताईंचे 40 गेले की 320 उरत. बत्तीस हजाराला 320 ने भागलं की शंभर ब्लाउज. पंचवीस दिवस काम धरलं तर रोजचे चार. कटिंग आणि शिलाईला दीड तास, म्हणजे दिवसाचे सहा तास. घर सांभाळून मला सहाच तास मिळतात. सगळं चोख जुळलं, आणि मी फसले ती इथेच.

मशीनवर नसतानाचा वेळ धरा. माप घ्यायला दहा मिनिटं जातात. साडीच्या रंगाचं अस्तर शोधायला मंगळबाजारात जावं लागतं, त्याची ब्लाउजमागे पंधरा. घालून बघणं, बाही घट्ट म्हणून उसवणं, परत टीप मारणं यात आणखी पंधरा. फोन आणि देणंघेणं पाच. हे पाऊण तास मी कुठेच लिहिले नव्हते. दीड तासाचा ब्लाउज खरा सव्वादोन तासांचा होता, आणि रोज चार म्हणजे नऊ तास! घटस्थापनेच्या आदल्या रात्री अकराला मी एका चोळीची काखेची शिवण उसवत होते. टेबलावर खडूने खुणा केलेले सात ब्लाउज तसेच पडलेले, आणि दारात दोघीजणी उभ्या. त्या दोघी परत कधी आल्या नाहीत.

म्हणून मशीनवर नसतानाचा वेळ धरा. अंदाजाने नको. पंधरा दिवस घड्याळ लावून वहीत टिपा, दुरुस्तीला आलेला ब्लाउजही टिपा, कारण त्याचे पैसे मिळत नाहीत पण तास जातात.

मग हिशोब तासांकडून करा. सहा तास, पंचवीस दिवस, म्हणजे 150 तास. 32,000 मिळवायचे तर दर तासाला साधारण 213 उरले पाहिजेत. सव्वादोन तासांच्या ब्लाउजवर 480 उरायला हवेत, म्हणजे शिलाई 610. आमच्या गल्लीत साध्या ब्लाउजला तेवढे कोणी देत नाही. तेव्हा भाव थोडा वाढवा आणि बाहेरचा वेळ कापा. नेहमी लागणारे दहा रंग मी आता एकदमच आणून ठेवते. नव्या गिऱ्हाइकाकडून नीट बसणारा जुना ब्लाउज मागून घेते, त्याने उसवणं बरंच कमी झालं. नेहमीच्या बायकांची मापं वहीत असतातच. पाऊण तासाचा पाव तास झाला. आता ब्लाउज पावणेदोन तासांचा, त्यावर 375 उरले की पुरे, आणि शिलाई 505. एवढे लोक देतात.

भरजरी कामाचा मोह होईल. लटकन-पायपिंगचा ब्लाउज 900 ला जातो खरा, पण त्याचेही सगळे तास मोजा. माझे साडेचार भरले, 690 उरले, म्हणजे तासाला 153. साध्यापेक्षाही कमी!

गिऱ्हाइकं: महिन्याला 85 ब्लाउज, एकेक बाई दोन आणते, म्हणजे त्रेचाळीस जणी. तीच बाई चार महिन्यांनी परत येते असं धरलं तर वहीत 170 नावं लागतात. पहिल्या महिन्यात माझ्याकडे साठ होती. 170 होईपर्यंत घर कशावर चालेल ते आधी बघून ठेवा.

आषाढी ते तुळशीचं लग्न, लग्नसराई नसते. नवरात्र सोडलं तर काम कमी, वर्षाची सरासरी धरा. नवरात्राच्या ऑर्डर दहा दिवस आधी बंद. आगाऊ निम्मे घ्या. उधारी नाही.

आणि तारीख देताना मशीनवर नसतानाचा वेळ धरूनच द्या.