लवचिकतेचं उत्तर मी असं तपासते

मागणीची किंमत लवचिकता काढली की मी एकूण खर्चाने पडताळते. किंमत २० वरून २२ रुपये झाली, मागणी ६० वरून ५६ किलो. मागणीतला बदल उणे ६.६७ टक्के, किमतीतला अधिक १० टक्के, पहिल्याला दुसऱ्याने भागून लवचिकता उणे ०.६७. किंमत गुणिले मागणी, म्हणजे एकूण खर्च, १२०० वरून १२३२ रुपये झाला. किंमत वाढून खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचिक, उत्तर जुळलं. अधिक चिन्ह आलं असतं, तर एक वजाबाकी उलटी झाली असं समजले असते.

मधेच ६.६७ चे ७ केले की ०.७ येतं, म्हणून पूर्णांकन शेवटीच. टक्क्याला टक्क्याने भागल्यामुळे उत्तराला एकक नाही. ‘किलो’ लिहू नका. आकृतीत किंमत उभ्या अक्षावर, रुपयांत; मागणी आडव्यावर, किलोत.